माझ्यापर्यंत येऊन थांबलेली रेघ

त्या काळात मला एक गोष्ट पक्की माहीत होती: जगात माणसं दोनच प्रकारची असतात. बहिर्मुख आणि अंतर्मुख. नगरच्या एका अध्यापक विद्यालयात मी भावी शिक्षकांना मानसशास्त्र शिकवत असे, आणि एखाद्या विषयाबद्दल इतकं पक्कं ज्ञान असणं हे त्या विषयात नवखं असल्याचं लक्षण असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सांगणाऱ्याला मी अंतर्मुखात टाकलं असतं.

माणसांचे प्रकार पाडण्याच्या जुन्या पद्धतींना मी हसत असे. विशेषतः पत्रिकेतल्या गणांना. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. तीन खोकी, आणि सारी मनुष्यजात त्यांत कोंबायची. माझ्या स्वतःच्या लग्नात यावरून अडलं होतं. मी जन्मलो मघा नक्षत्र संपता संपता, म्हणजे राक्षसगणात. मुलगी देवगणी. सासरे हवालदिल झाले. मग गुरुजींनी माझ्या आईला विचारलं की जन्मवेळ नक्की ना, घड्याळ मागे नव्हतं ना. घड्याळ मागे असल्याचं आईला ताबडतोब आठवलं. वेळ थोडी पुढे सरकली, पूर्वा नक्षत्र लागलं आणि मी मनुष्यगणात आलो. हा किस्सा मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, "पाहा, अशास्त्रीय विचार असा असतो."

शास्त्रीय विचार कसा असतो ते दाखवायला मी एक चाचणी तयार केली. म्हणजे एका इंग्रजी चाचणीच्या धर्तीवर मराठीत चोवीस प्रश्न रचले. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायला सुरुवात करता का? लग्नाकार्यात चारचौघांत मिसळता का? मनात आलेलं लगेच बोलून टाकता का? उत्तर "हो" किंवा "नाही". मिसळण्याकडे कल दाखवणाऱ्या प्रत्येक उत्तराला एक गुण. दोन्ही वर्षांच्या छात्रांकडून ती भरून घेतली, गुण काढले, आणि बरोबर मधोमध, जिथे वर्गाचे दोन सारखे भाग होतात, तिथे रेघ मारली. रेघेच्या वरचे बहिर्मुख, खालचे अंतर्मुख.

मग स्वतःची चाचणी तपासली. मी रेघेच्या एका गुणाने खाली होतो.

आता हे शक्यच नव्हतं. मी व्याख्यानं देत असे, गणेशोत्सवात सूत्रसंचालन करत असे, मला लोक बडबड्या म्हणत. चूक अर्थातच रेघेत होती. मी तिचा पुन्हा विचार केला, आणि एक गुण खाली घेणंच अधिक शास्त्रीय ठरेल असं मला दिसून आलं. रेघ खाली आली, माझ्यापर्यंत येऊन थांबली. मी बहिर्मुख झालो. घड्याळ मागे असल्याचं मलाही ताबडतोब आठवलं, असं म्हणायला हरकत नाही. पण ही तुलना तेव्हा सुचली नाही. ती पुढे बायकोला सुचली.

दोन याद्या फळ्यावर लागल्या आणि आठवड्याभरात माझ्या शोधाची फळं दिसू लागली. वर्गात प्रश्न विचारला की एक जामखेडकडचा मुलगा उभा राहायचा आणि गप्पच राहायचा. काय रे, येत नाही का? तर म्हणायचा, "येतं सर. पण मी अंतर्मुख आहे." वसतिगृहात बहिर्मुखांनी भांडी घासायला नकार दिला, ते एकट्याने करायचं काम आहे, आमच्या प्रकृतीला मानवत नाही. दुष्काळाचं वर्ष, खाणावळीत मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या. त्या न खाण्यासाठी मात्र दोन्ही प्रकार एक झाले. मी हे सारं वहीत "चाचणीची यथार्थता सिद्ध करणारी निरीक्षणं" या शीर्षकाखाली उतरवून घेतलं.

हे सगळं आमच्या भिंतींच्या आत राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण संस्थेचे अध्यक्ष आले.

अध्यक्ष शेवगावकडचे शेतकरी. संस्थेच्या शाळा त्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या ओसरीवर बसून उभ्या केल्या होत्या. त्या वर्षी जामखेड भागात नव्या शाळा निघणार होत्या आणि त्यांत आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या छात्रांना घ्यायचं होतं. दर वेळी कुणाचा भाचा, कुणाची सून असं होऊन अध्यक्षांचा जीव मेटाकुटीला येई. फळ्यावरच्या याद्या पाहून त्यांचा चेहरा उजळला. माझ्याकडून त्यांनी सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्ये बेस झालं. बैल घ्यायला गेल्यावर बी आमी आधी जात बघतो. खिल्लार का गावरान. मंग दात."

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: बहिर्मुखांना वर्ग द्यायचे, अंतर्मुखांना संस्थेच्या कचेरीत, भांडारात, हजेरीपत्रकांच्या कामात घ्यायचं. मला विचारलं, चालंल का? शास्त्र काय म्हणतं? मी म्हणालो, शास्त्र याहून वेगळं काय म्हणणार. त्या संध्याकाळी मी घरी जाताना जिलबी घेतली.

दुसऱ्या वर्षात पुणतांब्याकडची एक मुलगी होती. गप्प, सावळी, मागच्या बाकावर बसणारी, वही नीटनेटकी. दोन वर्षांत माझ्याशी ती "हो सर" यापलीकडे काही बोलली असेल तर मला आठवत नव्हतं. यादी संस्थेकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तिचं नाव कचेरीच्या यादीत गेलं आहे. वडिलांनी तिला शिक्षिका होण्यासाठी घराबाहेर पाठवलं, तेही आजोबांशी भांडून. नेमणूक शाळेवर झाली तर ती जामखेडला जाईल. कचेरीत झाली तर वडील म्हणणार, कागद लावायला लेक कशाला घराबाहेर ठेवायची. आणि उन्हाळ्यात लग्न. तेव्हा आपल्याला किती गुण पडले ते कळेल का.

मी पाहिलं. रेघेच्या एका गुणाने खाली.

"एकच?" ती म्हणाली.

मी तिला समजावलं की प्रश्न एका गुणाचा नसून प्रकाराचा असतो. नदीच्या या काठावर की त्या काठावर. काठाला लागून उभं राहिलं म्हणून काठ बदलत नाही. हे बोलताना पुणतांब्याच्या गोदावरीचा उल्लेख करावा असं मला सुचलं आणि मी केला.

ती म्हणाली, "यंदा पात्र कोरडं आहे सर. माणसं चालत ये-जा करतात." आणि मग, "मी परत भरून देऊ का?"

दिलं भरून. दोन गुण वर. म्हणजे रेघेच्या पलीकडे, बहिर्मुखात; माझ्याही एक गुण वर. मला राग आला. मी विचारलं, हे कसं काय? कोणती उत्तरं बदललीस? तिने बोट ठेवून दाखवली. त्यातलं एक अनोळखी माणसाशी बोलण्याचं. "तेव्हा मी एस.टी. स्टँडवरची माणसं मनात धरली होती," ती म्हणाली. "आज नळावरच्या बायका धरल्या."

"मग खरं कोणतं?"

"दोन्ही, सर."

ती गेल्यावर मी ठरवलं की ही लबाडी आहे आणि ती उघडी पाडायची. नोकरीची गरज आहे म्हणून उत्तरं बदलली, हे उघड होतं. सिद्ध करायचं तर ज्यांना नोकरीची घाई नाही अशांना तीच चाचणी पुन्हा द्यायला हवी. पहिल्या वर्षाचा वर्ग होताच. त्यांच्या नेमणुका अजून दूर. त्यांना सांगितलं, हे कुठेही धरलं जाणार नाही, मनापासून भरा. प्रामाणिक माणसाचे गुण जिथल्या तिथे राहतात, हे मला दाखवायचं होतं. प्रामाणिक माणसाचा नमुना म्हणून मी स्वतःही पुन्हा भरली.

पहिल्या वर्षाच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही टोकांची मुलं होती तिथेच होती. जो मुलगा रात्री झोपेतही बोलतो अशी वसतिगृहाची तक्रार होती, तो दोन्ही वेळा अगदी वर. जामखेडकडचा तो मुलगा दोन्ही वेळा तळाशी. पण मधल्या गर्दीत कुणी एक गुण वर, कुणी दोन खाली, आणि रेघ तिथूनच जात असल्याने कितीतरी जण काठ बदलून बसले होते. कुणी इकडून तिकडे, कुणी तिकडून इकडे. त्यांना काही मिळवायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं. लबाड म्हणावं तर अर्धा वर्ग लबाड निघत होता.

नमुन्याचा प्रामाणिक माणूस एका गुणाने घसरून अंतर्मुखात गेला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो. तिथे माझे मार्गदर्शक होते. त्यांच्याकडे प्रबंध करण्याचं माझं दोन वर्षं चाललं होतं, म्हणजे चाललं नव्हतं. हे गृहस्थ कधी रागवत नसत. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत चष्मा पुसत बसायचे, आणि चष्मा जितका जास्त पुसला जाई तितकी आपली चूक मोठी असे समजायचं. त्या दिवशी काच झिजली असावी.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "गुण मांडून पाहिलेत का? कोणत्या आकड्यावर किती जण?"

मी म्हणालो, मांडायचे कशाला, रेघ मारल्यावर दोन गट झालेच.

"रेघ मारल्यावर कशाचेही दोन गट होतात," ते म्हणाले. "भाकरीचेसुद्धा." मग त्यांनी माझ्याच कागदाच्या पाठीवर मांडायला घेतलं. आकडे आडवे, माणसं उभी. मधे उंच, दोन्हीकडे उतरतं. एकच ढीग. "तुम्ही म्हणता तशा दोन जाती असत्या तर निदान दोन ढीग दिसावेत, मधे खोलगट भाग असावा. एक ढीग दिसला म्हणजे जाती नाहीतच असं लगेच सिद्ध होत नाही. पण आहेत म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. तुमची रेघ कुठून गेली पाहा. जिथे सर्वांत जास्त माणसं उभी आहेत नेमकी तिथून. एका गुणाच्या फरकाला सर्वांत जास्त किंमत तुम्ही कुठे दिली, तर जिथे तो फरक सर्वांत कमी भरवशाचा आहे तिथे."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी मला स्वतःहून दिसायला हवी होती. रेघेच्या खालची ती मुलगी आणि वरचा मी, आमच्यात एका गुणाचा फरक. ती आणि तळाचा जामखेडचा मुलगा यांच्यात कितीतरी गुणांचा. पण माझ्या यादीत ती आणि तो एकच, आणि ती आणि मी वेगळ्या जातीचे. "म्हणजे चोवीस पायऱ्यांची माहिती तुमच्या हातात होती," ते म्हणाले, "त्यातल्या बावीस तुम्ही फेकून दिल्यात. अभ्यास करणारे लोक प्रकार सोडून गुणविशेष धरतात ते याच्यासाठी. गुणविशेष म्हणजे खोकं नव्हे. कमी-जास्त असण्याची पट्टी. आणि अशा पट्ट्या एकाहून जास्त. मिसळण्याची एक, मन अस्वस्थ होण्याची दुसरी, काम नेटाने करण्याची आणखी तिसरी. एकीवर माणूस कुठे आहे यावरून दुसरीवर कुठे असेल ते फारसं सांगता येत नाही."

मी विचारलं की मग माझी चाचणी रद्दी का?

ते म्हणाले, चाचणी अगदीच वाईट नाही, टोकं टिकली की. तिच्याकडून भलतं मागितलं जातंय. "तुमच्या जिल्ह्यात पाऊस कुठे जास्त?"

अकोले तालुक्याच्या डोंगरात, मी म्हणालो. जामखेडला कमी.

"हे खरं आहे?"

पिढ्यान्‌पिढ्या खरं आहे.

"मग पुढच्या मंगळवारी जामखेडला पडेल का आणि अकोल्याला पडेल का, हे यावरून सांगाल?"

नाही सांगता येणार.

"तसं. अनेक दिवसांची, अनेक ठिकाणांची सरासरी. इतरांच्या मानाने. एवढंच गुणविशेष मोजतो. अमक्या दिवशी अमका बोलेल की नाही ते मोजत नाही. का बोलतो, तेही सांगत नाही. गप्प का, तर अंतर्मुख. अंतर्मुख कशावरून, तर गप्प. हा गोल फिरण्याचा धंदा आहे. आणि चांगलं शिकवतो का, हे तर तुम्ही चोवीस प्रश्नांत कुठे विचारलंच नाहीत." चष्मा शेवटी डोळ्यांवर गेला. "त्या मुलीच्या दुसऱ्या भरण्याचंही फार धरू नका. नोकरी पणाला लागली की माणूस हवं ते उत्तर देतो, कधी न कळतही. म्हणूनच असल्या कागदावर नोकऱ्या वाटायच्या नसतात. रेघ मुळात कुठे मारली होती तुम्ही?"

मी सांगितलं. माझ्यासाठी कशी सरकवली तेही. त्यांनी चष्मा उतरवला आणि पुन्हा पुसायला घेतला.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, तर तिला आश्चर्यच वाटलं नाही. ती म्हणाली, "बाहेर तुम्ही पोपट असता आणि घरात तुळशीवृंदावन. मला विचारायचं होतं, मी दोन्ही याद्यांत घातलं असतं." थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आणि मघाची पूर्वा तुमच्याकडे दुसऱ्यांदा झाली, अहो."

आता अध्यक्षांना सांगणं आलं. मी त्यांच्याकडे जाऊन पावसापासून सुरुवात केली. ते म्हणाले, "पावसाचं नाव काढू नका मास्तर, औंदा." मी ढिगाचं सांगितलं. कागद दाखवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत दिला. "आकड्याचं मला न्हाई कळत. मागल्या हप्त्यात तुमी म्हनला दोन जाती हाईत. या हप्त्यात म्हनता न्हाईत. पुढच्या हप्त्यात काय म्हनाल? यादी गेली, आता गेली. मला जिती मानसं दावा, कागद नगं."

हे त्यांनी रागाने म्हटलं. मी ते सूचना म्हणून घेतलं. माझ्या बऱ्याच चुका अशाच सुरू झाल्या आहेत. ही एक चूक न ठरलेली.

शनिवारी सकाळी कवायतीच्या मैदानावर फक्कीने रेषा आखल्या. एका रेषेला एक आकडा, शून्यापासून चोवीसपर्यंत. पहिल्या वर्षाच्या छात्रांना त्यांचे पहिल्या वेळचे गुण चिठ्ठीवर देऊन सांगितलं, आपापल्या आकड्यावर रांग करा. लगेच अडचण आली: मुली मुलांच्या रांगेत उभ्या राहायला तयार होईनात. आकडा एक आला म्हणून काय झालं. शेवटी कवायतीच्या मास्तरांनी तोड काढली, प्रत्येक रांगेत बाया पुढे, बाप्ये मागे आणि मधे दोन हात मोकळे. ढिगात अशी एक पांढरी फट पडली, पण आकार बिघडला नाही. ती पुणतांब्याची मुलगी दुसऱ्या वर्षाची, पण तिलाही मी बोलावलं होतं. ती आपल्या आकड्यावर सर्वांत पुढे उभी राहिली.

अध्यक्ष व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. त्यांना मी विचारलं, साहेब, दोन कळप दिसतात का?

दिसत नव्हते. डाव्या टोकाला जामखेडचा मुलगा एकटा, उजव्या टोकाला झोपेत बोलणारा एकटा आणि तिथूनही बोलत असलेला. मधल्या रांगा मैदान संपून बोरीच्या झाडाखालून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेल्या. मी पांढरी फक्की घेतली आणि त्या दाटीतून, माणसांच्या मधून, माझी ती रेघ मारली.

"इकडचे शिक्षक," मी म्हणालो, "तिकडचे कारकून."

मग मी दुसऱ्या वेळच्या गुणांच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि कवायतीच्या मास्तरांनी शिट्टी मारली. टोकांकडे जेमतेम हालचाल. मधे मात्र बाजार उठल्यासारखं झालं. रेघ ओलांडून मुलं तिकडून इकडे, इकडून तिकडे, धक्के खात, फक्की पायाला लावत. रेघ पुसूनच गेली. पुणतांब्याची मुलगी दोन आकडे उजवीकडे चालत आली.

ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "सर, तुमचा आकडा?"

मी ती चिठ्ठी खिशात ठेवली होती. ती खिशातच राहील असा माझा अंदाज होता. पण रांगेतल्या पोरांनी ऐकलं होतं आणि अध्यक्षांनीही. तेव्हा मी रेषांमध्ये शिरलो, माझ्या पहिल्या वेळच्या आकड्यावर क्षणभर उभा राहिलो आणि नंतर एक घर डावीकडे सरकलो.

"मास्तर, तुमी कुठं निघाला?" अध्यक्षांनी व्हरांड्यातून विचारलं.

"अंतर्मुखात, साहेब."

"म्हंजी भांडारात."

"तुमच्या यादीप्रमाणे, व्हय."

मग त्यांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, ठीक हाय, ह्ये काय दोन जातीचं न्हाई, पर मग मी शाळेवर कुणाला धाडू? मी पुण्याहून आणलेलं सांगितलं: शिकवतं कसं ते पाहायचं तर शिकवताना पाहायचं, आणि एकदा नव्हे. निरनिराळ्या वर्गांवर, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या माणसांनी. एका पाठावरून काही ठरवू नये. अध्यक्ष म्हणाले, ह्ये लई दिस चालंल. मी म्हणालो, चालेल. "बैलाचं बी तसंच," ते म्हणाले, "एक तास नांगराला धरून न्हाई कळत." आणि कचेरीची यादी परत मागवली.

तिचा पहिला पाठ मी पाहिला. सरावशाळेत, तिसरीचा वर्ग, भागाकार. सांगताना आनंद होत नाही, पण तो पाठ वाईट झाला. आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जाईना, खडू दोनदा पडला, मागची मुलं गोट्या खेळू लागली. मी मनात म्हणालो, बघा, माझी पहिली रेघच खरी होती. आणि तसं म्हणताना मला थोडं बरंही वाटलं, हे लिहून ठेवलेलं बरं. पुढचे पाठ दुसऱ्यांनी पाहिले. पहिलीच्या पोरांत ती जमिनीवर बसून शिकवत होती, तिथे तिचा आवाज थेट व्हरांड्यात येई. चौथीला मधला. एकदा कवितेच्या तासाला परत पडला. सगळ्या निरीक्षकांचे शेरे एकत्र केले तेव्हा ती वर्गातली सर्वांत उत्तम नव्हती, वाईटही नव्हती. बऱ्याहून थोडी बरी होती. तेवढं शाळेला पुरेसं होतं. झोपेत बोलणाऱ्याच्या जातीचा आमचा एक गडी, दुसऱ्या वर्षाचा, बहिर्मुखांच्या यादीत सर्वांत वर असलेला, तो मात्र सर्व पाठांत मुलांना बोलूच देईना. त्याला भांडारात घालावं असं एका निरीक्षकाने सुचवलं. आम्ही त्याला आणखी पाठ दिले.

तिची नेमणूक जामखेड भागातल्या एका शाळेवर झाली. वडील तिला सोडायला आले होते. ट्रंक गाडीच्या टपावर चढवायला मी खालून हात लावला. ते टपावरून दोरी आवळत असताना ती आणि मी गाडीशेजारी उभे होतो. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून मी पाच-सहा वाक्यं आदल्या रात्री तयार केली होती. त्यांतलं एकही बाहेर येईना. मी भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. ती म्हणाली, "सर, तुम्ही तिसऱ्यांदा भरली का?"

भरली होती. मी म्हणालो, "मधेच कुठेतरी."

"मी पण," ती म्हणाली आणि गाडीत चढली. खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या अनोळखी बाईशी ती बोलायला लागली होती, शेंगा दोघींच्या मधे. म्हणजे ही मुळात होती बहिर्मुखच, असं वाक्य माझ्या मनात तयार झालं, आणि मी तयार होऊ दिलं, कारण सवय जात नाही. पण ते स्टँडवरचं दृश्य होतं, एका दिवसाचं आणि एका गाडीचं. कंडक्टरने घंटा मारली. तिच्या वडिलांशी काय बोलावं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही.